दिवाळीची डीप क्लीनिंग: बाटलीत काय आहे ते आधी विचारा

ए-४०२: नमस्कार मंडळी. दिवाळीआधीच्या सफाईसाठी दोन भाव आलेत. एक जण किचनचे १८००, बाथरूमचे प्रत्येकी ६०० आणि सोफ्याचे सीटमागे १५० सांगतो. दोन बाथरूम, पाच सीट धरून ३७५० होतात. दुसरा सगळं मिळून २२०० म्हणतो. एवढा फरक का बरं?

बी-१०३ काकू: अगं, २२०० वाल्याला विचार मशीन आणतो का. माझ्या बहिणीकडे ब्रश आणि साबणपाणी घेऊन आले होते. सोफा चिंब केला आणि निघून गेले. नंतर कुबट वास काही केल्या जाईना.

सी-७०१: काकूंचं बरोबर. मी हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये होतो. सोफ्याला फेस कोणीही लावतो, तो मळासकट बाहेर ओढणं हेच काम. आधी कोरडा व्हॅक्यूम, मग शाम्पू, मग पाणी फवारून लगेच ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन. टाकीत येणारं पाणी बघत राहा. सुरुवातीला काळं असतं, शेवटच्या फेरीला बऱ्यापैकी निवळायला हवं. त्यानंतर पंखा लावून सहा-आठ तास तरी बसायचं नाही. सोफ्याखालचं लेबलही बघा. ‘एस’ लिहिलं असेल तर पाणी लावायचंच नाही.

ए-४०२: दादा, आमचं लेबल मांजरीने कधीच फाडलंय 😅

सी-७०१: मग मागच्या बाजूला, दिसणार नाही तिथे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग उतरला तर थांबा.

ए-४०२: ठीक. आणि बाथरूमला तो म्हणतो, ‘स्ट्राँग केमिकल मारतो, टाइल नवीसारखी’. बाटलीवर लेबल नाही.

डी-५०२ सर: इथे थांब. बिनलेबलची बाटली म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड. आपल्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे टाइलवर पांढरे क्षाराचे डाग. ॲसिडने ते विरघळतात, म्हणून काम झटपट दिसतं. पण त्याच्या वाफेने नळाचं क्रोम आणि स्टीलच्या जाळ्या खराब होतात. उंबरा संगमरवरी किंवा कोटाचा असेल तर तोही चुनखडीचाच दगड. डागाबरोबर दगडही झिजतो, चकाकी जाऊन खरखरीत होतो.

खरी भीती वेगळीच. ॲसिडनंतर कोणी ‘जंतू मरावेत’ म्हणून ब्लीच ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये डोळे झोंबतात, खोकल्याची उबळ येते, छाती भरून येते. ब्लीचबरोबर अमोनियाचा काचक्लीनरही चालत नाही, त्यातून क्लोरामाइन तयार होतो.

बी-१०३ काकू: अरे देवा. आमची बाई दोन्ही बाटल्या एकत्र वापरते, ‘पॉवर वाढते’ म्हणून!

डी-५०२ सर: काकू, आजच थांबवा. एका दिवशी एकच वापरायचं. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. उग्र वास आलाच तर दुसरं काही ओतून तो मारायला जायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, मोकळ्या हवेत बसायचं. श्वास लागत असेल तर १०८.

ए-४०२: मग क्षाराचं काय करायचं सर?

डी-५०२ सर: किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. फडकं भिजवून नळाला गुंडाळ, दहा-पंधरा मिनिटांनी ब्रशने घासून भरपूर पाण्याने धू. वर्षानुवर्षांचा थर एका खेपेत निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. संगमरवराला मात्र हेही नको, तिथे साधा भांड्यांचा साबण.

बी-२०४ वहिनी: चिमणीचं सांगा ना कोणी. आमची फिल्टर-जाळी साफ करून दिली ती काळीकुट्ट.

सी-७०१: वहिनी, जाळी ॲल्युमिनियमची असणार. कॉस्टिक सोडा टाकला की ती बुडबुडे सोडते, काळी पडते, पुढे झिजते. स्टीलच्या बॅफलला तो चालतो, ॲल्युमिनियमला नाही. जाळी गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवायची, मग मऊ ब्रश. मोटरवर पाणी मारू द्यायचं नाही, आणि आधी प्लग काढायचा.

ए-४०२: २२०० वाल्याला फोन केला. मशीन नाही, बाटलीत काय ते ‘कंपनीचं सिक्रेट’. ३७५० वाल्याने लेबलचे फोटो पाठवले, हातमोजे-गॉगल त्याच्या पोरांना तोच देतो. गेल्या खेपेची पोरं अनवाणी ॲसिडवर उभी होती, बघवत नव्हतं.

बी-१०३ काकू: त्यालाच बोलाव. आणि आम्हीही घेतो म्हणून सांग, भाव कमी करेल.

ए-४०२: विचारलं काकू. पाच घरं झाली तर सोफा सीटमागे १२० करतो. पण वसुबारसेच्या आदल्या दिवशी नको म्हणाला, सोफे वाळणार नाहीत. त्याआधीचा रविवार चालेल का? घर नंबर टाका.

बी-२०४ वहिनी: बी-२०४. फक्त किचन आणि बाथरूम.

सी-७०१: सी-७०१, फक्त सोफा. सेक्रेटरीसाहेब, रविवारी टाकी धुणार नाही ना? पाणी लागेल.