मदत हवी आहे: फोल्डेड कॅस्कोड केलं आणि गेन १२ डीबीने पडला

निशाचर: एमटेकचा प्रोजेक्ट आहे, सप्लाय १.८ व्होल्ट. आधी एनमॉस इनपुटचं टेलिस्कोपिक केलं होतं, दोन्ही फांद्यांत ५० मायक्रोअँप, गेन ७४ डीबी. पण माझं इनपुट ०.३ व्होल्टच्या आसपास असणार, तिथे ते चालूच होत नाही म्हणून पीमॉस इनपुटचं फोल्डेड केलं, W/L मुद्दाम तेच ठेवलं, आणि गेन ६२! करंट डबल, गेन कमी, मग मिळालं काय? स्विंग तरी खूप वाढेल असं वाटलेलं.

चहाबाज: इनपुट परत एनमॉस कर, सगळा गेन परत येईल.

जुनाखेळाडू: सगळा नाही, अर्धाच. आणि ०.३ व्होल्टचं काय करणार, त्यासाठीच तर त्याने फोल्ड केलंय.
निशाचर, तुझे १२ डीबी दोन ठिकाणी गेलेत. पीमॉसची मोबिलिटी साधारण पाव धर, तेवढ्याच W/L मध्ये gm निम्मा, म्हणजे ६ डीबी. इनपुटची रुंदी चौपट कर, हे परत येतील, फक्त इनपुट कपॅसिटन्स वाढेल. उरलेले ६ फोल्डिंगचे. खालचा एनमॉस इनपुटचे ५० आणि कॅस्कोडचे ५० असे १०० वाहतो, त्यामुळे त्याचा ro निम्मा, म्हणजे २०० किलोओहमच्या जागी १००. त्याला इनपुटचे २०० समांतर आले की ६७च उरतात. खालची बाजू एक तृतीयांश झाली, वरची तशीच, एकूण आउटपुट रेझिस्टन्स निम्मा.
स्विंगचं म्हणशील तर ओव्हरड्राइव्ह ०.२ धरून टेलिस्कोपिकला पाच जातात, ०.८ व्होल्ट उरतो, फोल्डेडला चार, १ व्होल्ट. फक्त टेल करंटवाला वाचतो, जादू नाही.

पावसाळी: माझा एलएम ३५८ पण ५ व्होल्टवर ३.५च्या वर जात नाही, कॅस्कोड लावू का?

जुनाखेळाडू: तो बायपोलर आहे हो, त्याचं आउटपुट वर तेवढंच जातं. वेगळा धागा काढा.

निशाचर: पण माझ्या डीसी स्वीपमध्ये आउटपुट १.५ पर्यंत जातंय, हिशेबाने तर ०.४ ते १.४ च यायला हवं ना?

जुनाखेळाडू: जातं रे, पण गेन सोडून जातं. स्वीपचा उतार काढून बघ, टोकाला कोसळलेला दिसेल. आणि ऑपरेटिंग पॉइंटमध्ये त्या खालच्या एनमॉसचा Vds, Vdsat पेक्षा ५०-१०० मिलिव्होल्ट जास्त आहे का तेही बघ, कॅस्कोडचा गेट बायस खाली गेला की तो आधी ट्रायोडमध्ये जातो.

निशाचर: उतार खरंच पडतोय. मग कॅस्कोडचा करंट २५ केला तर? खाली ७५ च राहतील.

जुनाखेळाडू: गेन वाढेल, पण मोठ्या स्टेपला टेलचे सगळे १०० एकाच बाजूला येतात आणि खालचा ७५ च ओढतो, मग तो नोड वर उचलला जातो आणि सावरायला वेळ लागतो. तुझ्या लोडला ते चालेल का, ट्रान्झियंट लावूनच कळेल.

चहाबाज: आम्ही तर सरळ दुसरी स्टेज लावली होती.

निशाचर: आज रात्री ट्रान्झियंट लावतो, उद्या ग्राफ टाकतो.