अनुभव धागा: विधानसभेतली चर्चा निकाल न देता कशी उतरवता?

मेधा: आमच्या अभ्यासगटासाठी मी विधानसभेतल्या चर्चांचे गोषवारे करते. पक्षांच्या भूमिका आणि वादाचे मुद्दे एवढंच द्यायचं, कोण बरोबर हे सांगायचं नाही. सध्या हातात जनसुरक्षा विधेयकावरची १० जुलै २०२५ची चर्चा आहे आणि ती काही केल्या दोन बाजूंत बसत नाही. तुम्ही कसं करता? सविस्तर लिहा.

सुहास_: इतका घोळ कशाला? कोणी बाजूने मत दिलं, कोणी विरोधात, ते बघायचं आणि लिहायचं. भाषणं मतदारसंघासाठी असतात.

जुना वार्ताहर: सुहासराव, मत बघणार कुठे? विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. त्यात कोण ‘होय’ म्हणालं याची नावनिशी नोंद नसते, त्यासाठी मतविभागणी मागावी लागते. सभागृहात उघड विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले यांनी. इतर विरोधी बाकांवरून आक्षेप आले, पण आक्षेप म्हणजे विरोध नव्हे. ‘महायुती बाजूने, आघाडी विरोधात’ असं लिहिलं की गोषवारा तिथेच चुकला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण तो परिषदेच्या खात्यात जाईल. आदल्या दिवशीच्या भाषणांवर तो चढवायचा नाही.

मेधाताई, माझी रीत सांगतो. भाषणांच्या आधी विधेयकाच्या दोन प्रती शेजारी ठेवायच्या: २०२४मध्ये मांडलेली आणि संयुक्त समितीने सुधारलेली. मूळ मसुद्याचा रोख व्यक्ती आणि संघटना दोन्हींवर होता. समितीने तो ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनां’वर आणला. आता एखाद्या सदस्याने व्यक्तींवरच्या कारवाईबद्दल टीका केली, तर ती कोणत्या प्रतीवर आहे हे आधी ठरवा. ते न लिहिल्यास वाचकाला वाटतं मंत्र्यांनी प्रश्न टाळला, किंवा सदस्याने विधेयक वाचलंच नाही. दोन्ही निकालच झाले, आणि ते तुम्ही न बोलता दिलेत.

मेधा: आणि वादाचा मुद्दा कसा मांडता?

जुना वार्ताहर: प्रत्येक मुद्दा एका प्रश्नात. सरकारचं म्हणणं: नक्षलग्रस्त इतर चार राज्यांत असा कायदा आहे, सध्याचे कायदे अपुरे पडतात, आणि हा कायदा डाव्या पक्षांविरुद्ध किंवा आंदोलकांविरुद्ध नाही. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं: व्याख्या मोघम आहे आणि आधीचे कायदे पुरेसे आहेत. म्हणजे मुद्दे दोन. पहिला, यूएपीए, मकोका असताना नवा कायदा लागतो का? दुसरा, ‘तत्सम’ या शब्दातून सरकार कोणालाही पकडू शकेल का?

अनघा पी.: थांबा, दुसरा प्रश्न विरोधी बाकांवरून विचारल्यासारखा आहे. ‘कोणालाही पकडू शकेल का’ म्हटलं की मंत्री आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात. मी असं लिहीन: ‘कायदा कोणाला लागू होईल हे ठरवायला विधेयकातले शब्द पुरेसे आहेत का?’ सरकार म्हणेल आहेत, शिवाय सल्लागार मंडळ आहे. विरोधक म्हणतील नाहीत. माझी कसोटी अशी, की दोन्ही बाजूंनी प्रश्न वाचून ‘हो, आम्ही याच्यावरच भांडत होतो’ म्हणायला हवं.

जुना वार्ताहर: मान्य. तुमचं वाक्य घेतो.

अनघा पी.: क्रियापदंही बघा. मंत्री ‘स्पष्ट करतात’ आणि विरोधक ‘आरोप करतात’, हे आपल्या हातून सवयीने होतं. मी पहिल्या खर्ड्यात सगळ्यांना ‘म्हणाले’ लावते. कंटाळवाणं दिसतं, दिसू दे.

बापू: आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मीच लिहितो. पार्किंगच्या वादात दोन्ही बाजूंचं लिहिलं, तरी सचिव म्हणतात अध्यक्षांचं जास्त आलं. अध्यक्ष बोललेच जास्त, मी काय करू?

अनघा पी.: बापू, विषय निराळा पण दुखणं तेच. एकट्या सदस्याने थोडक्यात मांडलेला विरोध आणि मंत्र्यांचं लांबलचक उत्तर, दोघांना सारख्या ओळी द्यायच्या का? मी ओळी मोजत नाही, मुद्दे मोजते. तेच तेच तीनदा सांगितलं तरी एकदाच लिहायचं.

सुहास_: ठीक, आवाजी मतदानाचं डोक्यात नव्हतं. पण सभागृहात कोणी धडधडीत चुकीचा आकडा दिला तर? तोही ‘म्हणाले’ म्हणून तसाच छापायचा?

जुना वार्ताहर: आकडा तसाच, आणि सभागृहात त्याला कोणी हरकत घेतली का ते लिहायचं. नसेल घेतली तर मी गप्प.

मेधा: मला ते जड जातं. मी खाली टीप म्हणून अधिकृत कागदातला आकडा देते, शेरा न मारता.

अनघा पी.: आणि टीप फक्त एकाच बाजूच्या आकड्यांना पडली तर?

मेधा: तेच तर. या वेळी चारही टिपा एकाच बाजूच्या आहेत, आणि काढाव्यात की ठेवाव्यात हे गटात अजून ठरलेलं नाही.