अनुभव धागा: जुन्या गिऱ्हाइकांना भाववाढ कशी कळवलीत?

नदीकाठ
फराळाच्या नोंदवहीत काल 2024 चे पत्र सापडले आणि ते दिवस आठवले. 14 सप्टेंबरपासून खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढले आणि दिवाळी दीड महिन्यावर आलेली. चकली 360 वरून 400 रुपये किलो करायची होती, आणि पहिल्या मसुद्यात सगळा दोष मी तेलावर टाकला होता.

सासूबाईंनी तो वाचून हिशेब मांडायला लावला. तेल किलोमागे तीस रुपयांनी महागले होते आणि किलोभर चकलीत साधारण पाव किलो तेल जिरते, म्हणजे साडेसात रुपये. कढईत काळे पडून टाकावे लागणारे तेल धरले तरी दहाच. तेव्हा असे लिहिले:

"सप्रेम नमस्कार. 1 ऑक्टोबरपासून भाजणीची चकली 400 रुपये किलो होईल. वाढलेल्या 40 रुपयांपैकी 10 तेलाचे आणि 20 मदतीला येणाऱ्या दोघींच्या वाढीव मजुरीचे आहेत. उरलेले 10 माझ्या कष्टाचे, कारण तीन वर्षे मी भाव वाढवला नव्हता. तेल, भाजणी आणि वजन तेच राहील. 30 सप्टेंबरपर्यंतच्या मागणीला जुना भाव लागेल."

शेवटची सवलत जड गेली, कारण महिनाअखेरीस नोंदणी एकदम वाढली. तुमचे अनुभव लिहा.

ठाणेकर
कारणे देऊच नयेत, असे माझे मत आहे. आम्ही डब्याच्या पत्रात गॅसचे कारण दिले, आणि सिलिंडर स्वस्त झाल्यावर लोकांनी तेच पत्र पुढे केले.

गिरणीवाला
ठाणेकर, कारण दिल्याने नव्हे, एकच कारण दिल्याने अडचण झाली. तेल किंवा गॅस उतरू शकतो, मजुरी उतरत नाही. म्हणून दोन्हींचे आकडे वेगळे लिहावेत. आमच्या पुरवठादाराने भाव न वाढवता पिशवी गुपचूप 900 ग्रॅमची केली. आम्ही तोलून पाहिली आणि त्याच्याकडून माल घेणे थांबवले.

मोगरा
किलोला पाव किलो तेल जास्त वाटते. माझ्या चकल्या तेल पितात तेव्हा मोहन जास्त झालेले असते. पत्राचे म्हणाल तर मी गिऱ्हाइकांना फोनच करते.

नदीकाठ
मोगराताई, मोहन आणि तळण मिळून पाव किलो म्हणायला हवे होते. फोन मीही केले, पण फक्त ज्या आजी-आजोबांना मोबाइलवर वाचता येत नाही त्यांना.

ठाणेकर
मग मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आले, तेव्हा तुम्ही ते दहा रुपये कमी केलेत का?

नदीकाठ
नाही केले. दुकानात तेल फारसे उतरले नव्हते, हे खरे. पण तसे गिऱ्हाइकांना कळवायला हवे होते आणि मी कळवले नाही. यंदाच्या पत्रात ते लिहायचे की आता उशीर झाला, हे मला ठरवता येत नाही.