लिलावात "जिंकलो" आणि मग बिल आलं: तुमचा खरा आकडा किती निघाला?

मंडळी, ऑनलाइन लिलावात बोली लागते तो आकडा आणि वस्तू घरात येते तो आकडा, यात किती अंतर पडलं ते लिहा. नाणी, चित्रं, घड्याळं, काहीही चालेल. लिलाव-घराण्यांची नावं नकोत, बिलातल्या ओळी हव्यात.

सुरुवात मी करते. १८८१चा पोर्तुगीज गोव्याचा चांदीचा रुपिया, राजा लुईसच्या मुखवट्याचा. आजोबांच्या डब्यात असाच एक होता, तो वाटणीत काकांकडे गेला. म्हणून हा हवा होता. ८,००० ला हातोडा पडला. घराणं खरेदीदाराकडून वर घेतं ते प्रीमियम १५ टक्के, म्हणजे १,२००. त्या ९,२०० वर ५ टक्के जीएसटी ४६०. कुरियर आणि विमा २५०. एकूण ९,९१०. बोलीच्या जवळजवळ पावपट वर. दहा हजारांच्या आत बसवायचं ठरवलं होतं आणि बसलं, पण नव्वद रुपयांनी!

चिंचवडचा नाणेवाला:
ताई, तुमचं बिल सरळ आहे. पण "१५ टक्के प्रीमियम" एवढ्यावर कुणी जाऊ नये. कर कशावर लावलाय ते बघायचं. आपल्याकडे मी तीन तऱ्हा पाहिल्यात.

पहिल्यात घराणं फक्त मध्यस्थ असतं. वस्तू विकणारा दुसराच, त्यामुळे जीएसटी लागतो तो त्यांच्या प्रीमियमवर, सेवा म्हणून १८ टक्के. दुसरी तुमची: हातोड्याची किंमत अधिक प्रीमियम, सगळ्यावर वस्तूचा दर. तिसरीत हातोड्याच्या किमतीवर वस्तूचा दर आणि प्रीमियमवर वेगळे १८ टक्के. चित्रांच्या लिलावात ही तिसरी बऱ्याचदा दिसते.

तुमच्याच रुपियाचं गणित तिन्हींत करू. ८,००० वर प्रीमियम १,२००, हे सगळीकडे सारखं.
पहिली: प्रीमियमवरचा कर २१६. कुरियर धरून ९,६६६.
दुसरी: तुमचे ९,९१०.
तिसरी: हातोड्यावर ४००, प्रीमियमवर २१६. कुरियर धरून १०,०६६.

एकच नाणं, एकच बोली, एकच प्रीमियम, आणि फरक चारशे रुपयांचा. अटी-शर्तींच्या पानावर जिथे "टॅक्सेस" लिहिलेलं असतं तिथे हे एका ओळीत सापडतं. लोक ते पान उघडत नाहीत, कारण लॉटचे फोटो जास्त छान असतात.

सोलापूरचा हौशी:
पण आता संग्राह्य वस्तूंवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला ना सप्टेंबर २०२५ पासून? मग १८ आला कुठून? सगळं ५ टक्क्यांतच बसायला हवं. कुणी १८ लावत असेल तर सरळ भांडा.

चिंचवडचा नाणेवाला:
दर उतरला हे बरोबर, ताईंचं बिल त्यानंतरचंच आहे. आधीच्या १२ टक्क्यांनी तेच नाणं १०,५५४ ला पडलं असतं. पण तो दर वस्तूचा. मध्यस्थाची दलाली ही सेवा, तिला तो दर नाही. भांडायला जाल तर ते अटींचं पान पुढे करतील, आणि बोली लावताना तुम्ही त्याला "मान्य" म्हटलेलं असतं.

डोंबिवलीकर:
बरं झालं हा धागा निघाला. आम्ही बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घेतला. राखीव किमतीच्या १० टक्के अनामत आधी भरावी लागते, बोली लागली की २५ टक्क्यांपर्यंतची भर लगेच, उरलेले पंधरा दिवसांत. गृहकर्ज त्या मुदतीत मंजूर करून घेणं हा वेगळाच ताप. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३०,०००, आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी दारात: आधीच्या मालकाची मेंटेनन्सची थकबाकी. जाहिरातीत "जसे आहे, जिथे आहे" लिहिलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा कळला. किंमत पन्नास लाखांच्या वर असल्याने एक टक्का टीडीएस आम्हीच कापून भरला. तो बोलीतूनच जातो, वर पडत नाही, पण चलन वेळेत भरायला हवं. घराण्याचं प्रीमियम वगैरे काही नव्हतं बुवा.

धागाकर्ती:
काका, धागा नाण्या-चित्रांचा होता, पण थकबाकीची गोष्ट राहू द्या, कुणाला तरी उपयोग होईल.

लीड्सवाली:
इंग्लंडमधला अनुभव. इकडच्या छोट्या गावांतल्या लिलावांत रवि वर्मा प्रेसच्या छापील तसबिरी अधूनमधून येतात. घाटकोपरला १८९४ साली सुरू झालेली आणि नंतर मळवलीला हललेली ती प्रेस. मला एक सरस्वती मिळाली, ९० पौंडांना. आता बिल बघा:

हातोडा ९०. प्रीमियम २५ टक्के, २२.५०. त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, ४.५०. मी ज्या सामाईक बोली-संकेतस्थळावरून बोली लावली त्याचा अधिभार ४.९५ टक्के आणि त्यावरही व्हॅट, मिळून ५.३५. झाले १२२.३५.

इथपर्यंत ठीक. पण ही घराणी स्वतः पॅकिंग करत नाहीत. ते एका पॅकिंगवाल्याचा नंबर देतात. त्याने काच असलेल्या फ्रेमला ४८ पौंड सांगितले, आणि काच फुटली तर विम्यात नाही. म्हणजे १७०.३५. काच काढून नुसती तसबीर नळीत गुंडाळून पाठवता येईल का, असं विचारलं तर म्हणाला, जुना कागद आहे, गुंडाळला तर चिरेल, मी हात लावणार नाही. मग मैत्रीण तिकडून गाडीने येणार होती, तिच्या मागच्या सीटवर बसून सरस्वती आली.

दोन गोष्टी तेव्हापासून करते. त्याच घराण्याच्या स्वतःच्या साइटवरून बोली लावली तर बऱ्याचदा तो ४.९५ चा अधिभार नसतो. नाहीतर त्यांना आदल्या दिवशी ईमेलने कमाल बोली कळवून ठेवायची, ते आपल्या वतीने लावतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. दुसरं, लॉटच्या क्रमांकाशेजारी कट्यारीसारखी खूण असेल तर व्हॅट फक्त प्रीमियमवर नाही, हातोड्यावरही लागतो. म्हणजे ९० वर अठरा पौंड आणखी. खूण इतकी बारीक असते की फोनवर दिसतसुद्धा नाही.

एडिसनकर:
आमच्या न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. जुना कॅमेरा २०० डॉलरना. प्रीमियम २५ टक्के म्हणजे ५०, मिळून २५०. पाठवणी २८. कर २५० वर लागेल असं धरलं होतं, पण इकडे करपात्र वस्तूची पाठवणीही करपात्र असते. म्हणून २७८ वर १८.४२. एकूण २९६.४२. बायको म्हणाली, याच्यात नवा आला असता. आला नसता, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता.

चिंचवडचा नाणेवाला:
एडिसनकरांच्या बिलात कर सर्वांत छोटा आहे. पन्नास डॉलर प्रीमियमचे गेलेत. लोक कराच्या नावाने ओरडतात आणि प्रीमियम मुकाट्याने देतात.

मिरजेची मीनल:
बाहेरून मागवणाऱ्यांनी भारतातलं कस्टम्स विसरू नका. मी लंडनमधून पदकं मागवते. परदेशी ग्राहकाला प्रीमियमवरचा व्हॅट घराण्याने स्वतः पाठवलं तर अनेकदा लागत नाही, पण आपला पाहुणा जाऊन घेऊन आला तर सहसा तो भरावा लागतो. आणि इथे शुल्क आकारतात ते हातोड्यावर नाही, तर प्रीमियम, पाठवणी, विमा सगळं मिळून होणाऱ्या किमतीवर. म्हणजे पाठवणीवरही शुल्क! त्यात कुरियर कंपनी "आम्ही तुमच्या वतीने शुल्क भरलं" म्हणून वेगळा हाताळणी-आकार लावते, आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क बँकेच्या पुढच्या महिन्याच्या बिलात निघतं. माझी एक पेटी सोडवायला गेले तर कुरियरवाला बिल हातात देऊन म्हणे, "मॅडम, आत सोनं आहे का?" आत पितळ होतं.

दुबईतला सातारकर:
उलट प्रश्न. मी इकडे असतो. मुंबईच्या लिलावात शिवराया, ती जुनी तांब्याची नाणी, घ्यायच्यात. मला इकडे पाठवतील का?

चिंचवडचा नाणेवाला:
नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतं, देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. साताऱ्याच्या घरचा पत्ता द्या. आणि शिवराया घेताय तर एक सांगतो. पाचशे-सहाशेच्या लॉटला अडीचशेचं कुरियर बसलं की प्रीमियम, कर सगळं विसरायला होतं. एकाच विक्रीतले चार लॉट मिळाले तर एका पाकिटात पाठवा म्हणून मागे लागा. बहुतेक ऐकतात, पण बिल निघण्याआधी सांगायचं.

सोलापूरचा हौशी:
म्हणजे बोली लावतानाच उलटं मोजायचं का? दहा हजार खिशात असतील तर बोली किती?

चिंचवडचा नाणेवाला:
हो. आधी कुरियर वजा करा, राहिले ९,७५०. मग एक रुपयाच्या बोलीला प्रीमियम आणि कर धरून जितके पडतात, तितक्याने तऱ्हेप्रमाणे भागा. पहिलीला १.१७७ ने, दुसरीला १.२०७५ ने, तिसरीला १.२२७ ने. येतात अनुक्रमे ८,२८३, ८,०७४ आणि ७,९४६. आता बोलीच्या पायऱ्या बघा. या टप्प्यात पाचशेची पायरी असली तर पहिल्या दोन तऱ्हांत तुम्ही ८,००० वर थांबता, तिसरीत ७,५०० वरच थांबावं लागतं. ५४ रुपये कमी पडले म्हणून अख्खी पायरी गेली. समोरचा नेमका तिथेच घेऊन जातो.

लीड्सवाली:
इकडे माझा आकडा १.३६ च्या आसपास, पॅकिंग वेगळं. तुमच्या सव्वापटीचा हेवा वाटतो.

धागाकर्ती:
नाणेवाले, एक राहिलं. माझ्या बिलात कुरियरचे २५० कराच्या खाली आलेत, म्हणजे त्यांच्यावर जीएसटी नाही. एडिसनकरांना मात्र पाठवणीवरही कर. आपल्याकडे काय नियम?

चिंचवडचा नाणेवाला:
वस्तूबरोबर पाठवणी विकली तर मुख्य वस्तूचाच दर पाठवणीलाही लागतो, असं माझा सीए म्हणतो. पण निव्वळ प्रत्यक्ष खर्च वसूल केला म्हणून काही घराणी तो वेगळा दाखवतात. तुमच्यासारखी बिलंही आहेत माझ्याकडे आणि पाठवणीवर कर लावलेलीही. दोन्ही चालू आहेत.

ठाण्याचे निवृत्त सीए:
"निव्वळ खर्च" हे प्युअर एजंटच्या, म्हणजे तुमच्या वतीने पैसे भरणाऱ्याच्या, अटी पाळल्या तरच चालतं, आणि त्यात कुरियरला दिले तेवढेच घ्यायचे असतात. कुरियरची पावती तुमच्या पाकिटात होती का?

धागाकर्ती:
नव्हती. पाकिटावर वजनाचा स्टिकर होता, ४० ग्रॅम, आणि त्यावर किंमत १६०.

सोलापूरचा हौशी:
मग उरलेले नव्वद कुणाचे?