३१६ च्या प्लेटांना भोकं: स्टील खोटं की पाणी खारं?

अंधेरी_एमआयडीसी
कॉम्प्रेसरच्या कूलिंगला प्लेट हीट एक्स्चेंजर आहे. प्लेटा ३१६ स्टेनलेसच्या, जाडी अर्धा मिलिमीटर. गरम पाणी ६० अंशांनी येतं, कूलिंग टॉवरचं पाणी ३२ ने येऊन ४२ ने जातं. दोन वर्षांत दोन्ही पाणी एकमेकांत मिसळायला लागलं. मेकअपला, म्हणजे टॉवरमधून गेलेल्या पाण्याच्या भरपाईला, बोअर आणि टँकरचं पाणी, क्लोराइड १८० पीपीएम. ५ सायकलवर चालवतो, म्हणजे टॉवरमध्ये क्षार पाचपट होऊन ९००. केमिकलवाले म्हणतात ३१६ ला १००० पर्यंत चालतं. मग सप्लायरने खोटं मटेरियल दिलं, बरोबर ना?

भंगारबाजार
शंभर टक्के ३०४ दिलंय. लोहचुंबक लावा. चिकटलं तर खोटं.

गंज_आणि_गणित
चुंबकाने काही कळत नाही. प्लेट प्रेसमध्ये दाबली की ३०४ असो वा ३१६, घडीच्या जागी थोडी चुंबकीय होतेच. हॅंडहेल्ड एक्सआरएफ गन लावा आणि मॉलिब्डेनम बघा. दोन टक्क्यांच्या वर असेल तर ३१६, जवळपास शून्य असेल तर ३०४. शंका रास्त आहे, पण भोकं नक्की कुठे पडलीत ते आधी सांगा. सगळा निकाल तिथे आहे.

अंधेरी_एमआयडीसी
गन मारली. मॉली २.०५. भोकं गॅस्केटच्या खोबणीत आहेत, आणि काही मधल्या भागात. मधली अगदी रांगेत पडलीत, जशी कोणी टिकल्या लावल्यासारखी. सगळी गरम पाणी येतं त्या टोकाला.

गंज_आणि_गणित
मग स्टील खरं आहे. रांगेत पडण्याचं कारण असं की एका प्लेटची नक्षी दुसरीच्या नक्षीला ठरावीक बिंदूंवर टेकते. तिथे धातूला धातू लागून बारीक फट राहते. गॅस्केटखाली जी फट, तीच इथेही. उघड्या पृष्ठभागावर भोकं नाहीत, म्हणजे हे साधं पिटिंग नव्हे, क्रेव्हिस, म्हणजे फटीतला गंज आहे.

फटीत पाणी शिरतं पण हलत नाही. तिथला ऑक्सिजन संपतो आणि बाहेरून नवा पोचत नाही. तरी धातू अगदी सावकाश विरघळतच असतो, स्टेनलेसला वाचवणारी ऑक्साइडची फिल्म असतानाही. सुटलेले क्रोमियमचे आयन पाण्याशी जुळून आम्ल सोडतात, आणि विद्युतभार जुळवायला बाहेरचं क्लोराइड आत ओढलं जातं. टॉवरमध्ये ९०० आहे, फटीत त्याच्या कितीतरी पट होतं. पीएच दोनच्या खाली गेला की दोन-तीन नॅनोमीटरची फिल्म टिकत नाही. मग आतली बाजू अॅनोड, बाहेरची अख्खी प्लेट कॅथोड. एवढ्या मोठ्या कॅथोडसमोर एवढासा अॅनोड. अर्धा मिलिमीटर जायला किती वेळ लागणार!

टॉवर_केमिकल
१००० पीपीएमचा आकडा आम्ही हवेतून आणत नाही. सगळ्या तक्त्यांत आहे. त्याच्या आत पाणी असताना फेल झालं तर दोष मटेरियलचा किंवा असेंब्लीचा.

गंज_आणि_गणित
तक्ता खोटा नाही, पण तो बहुतेक गार, स्वच्छ, वाहत्या पाण्याचा आणि उघड्या पृष्ठभागाचा असतो. इथे प्लेटच्या गरम टोकाला धातू ५० अंशांच्या आसपास असणार. ३१६ ला क्रेव्हिस सुरू व्हायचं तापमान पिटिंगच्या बरंच खाली असतं, आणि फट जितकी घट्ट तितकं आणखी खाली. क्लोरिनसाठी हायपोचा डोस दिलात की धातूचं पोटेन्शियल शंभर-दोनशे मिलिव्होल्टने वर जातं, म्हणजे फिल्म फुटायच्या पातळीकडे. शॉक डोस देता तेव्हा फ्री क्लोरिन किती ठेवता?

टॉवर_केमिकल
१ ते २ पीपीएम, काही तास. जंतू मारायला लागतंच. न दिलं तर शेवाळाच्या थराखाली जे होईल त्याचं काय? तोही थर फट तयार करतो.

गंज_आणि_गणित
हे मान्य. स्लाइम ठेवणं हा उपाय नाही. डोस कमी आणि वारंवार द्या, इतकंच.

रेलिंग_वांद्रे
आमच्या बाल्कनीच्या रेलिंगलाही तपकिरी डाग पडलेत, समोर समुद्र. सॉफ्टनर लावला तर थांबेल का?

गंज_आणि_गणित
ताई, तुमचं वेगळं आहे. ते खारे शिंतोडे सुकून बसल्याचे डाग. गोड्या पाण्याने पुसत राहा, स्टीलची घासणी लावू नका. सॉफ्टनरने क्लोराइड कमी होत नाही, तो फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. उलट टॉवरवर सॉफ्टनर असेल तर रीजनरेशननंतर ब्राइन नीट धुतलं जातं का बघा. रिन्स अर्धवट राहिली तर मिठाचा लोंढा थेट मेकअपमध्ये जातो आणि महिन्याच्या एका नमुन्यात तो कधीच सापडत नाही.

फिल्म_पंथी
सगळे "क्लोराइड फिल्म फोडतं" असंच धरून चाललेत. फिल्म तर सतत कुठे ना कुठे फुटत असते, मुख्यतः मॅंगनीज सल्फाइडच्या कणांपाशी, आणि पुन्हा भरते. प्रयोगशाळेत करंटचे बारीक झटके दिसतात ते हेच. क्लोराइडचं खरं काम म्हणजे भरणं रोखणं. खड्ड्यातलं द्रावण बाहेर पसरण्याच्या आधी खड्डा पुरेसा खोल झाला तरच तो जगतो, नाहीतर मरतो. म्हणून कमी गंधकाचं स्टील घ्या, प्रश्न मिटला.

गंज_आणि_गणित
पहिलं अर्धं पटलं, "मिटला" नाही. गंधक ०.०३ टक्क्यांऐवजी ०.००२ असेल तर उघड्या पृष्ठभागावर सुरुवात कमी होते. पण फटीत द्रावण पसरायला जागाच नाही, तिथे सल्फाइडचा कण नसतानाही आम्ल साठतं. नायट्रिकने पॅसिव्हेट केलं तरी तेच: पृष्ठभाग साफ होतो, फट तशीच राहते.

अंधेरी_एमआयडीसी
एक राहिलं. वर्षापूर्वी डिस्केलिंग केलं होतं. बाहेरचे लोक आले होते, पिंपावर लेबल नव्हतं, वाफ डोळ्याला झोंबत होती.

टॉवर_केमिकल
घ्या! एचसीएल. आणि आमच्यावर खापर.

गंज_आणि_गणित
वर्णनावरून तसंच वाटतं. इन्हिबिटर टाकला तरी स्टेनलेसवर एचसीएल नकोच. सल्फॅमिक वापरायला हवं होतं. पण अॅसिड एकट्याने केलं असतं तर सगळी प्लेट मंद, खरखरीत झाली असती आणि गार टोकही सुटलं नसतं. फटींत अडकून राहिलेल्या अॅसिडने सुरुवात करून दिली, पुढचं पाण्याने केलं, हेही शक्य आहे. एक भोक कापून मायक्रोस्कोपखाली बघा. तोंड टाचणीएवढं आणि आत पोकळी मोठी, कडा स्वच्छ, तर क्रेव्हिस. भोवती सगळीकडे कोरल्यासारखं दिसलं तर अॅसिडचा वाटा मोठा.

अंधेरी_एमआयडीसी
तोपर्यंत प्लेटा कशाच्या घेऊ? टायटॅनियमचा भाव ऐकून मालक उठून गेले.

टॉवर_केमिकल
सायकल २ वर आणा, क्लोराइड ३६०.

गंज_आणि_गणित
हिशेब करा. तुमचं फिरतं पाणी तासाला १०० घनमीटर धरलं, १० अंशांची घट, तर बाष्पीभवन अंदाजे दीड घनमीटर. ५ सायकलला ब्लोडाउन, म्हणजे क्षार घालवायला सोडून द्यायचं पाणी, साधारण ०.४, मेकअप १.९. २ सायकलला ब्लोडाउन १.५, मेकअप ३. दिवसाला २६ घनमीटर जादा, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच-तीन टँकर, आणि त्याचं खारेपण पुन्हा वेगळं. महापालिकेचं तलावाचं पाणी मिळत असेल तर मेकअपमध्ये तेच वाढवा, त्यात क्लोराइड फार कमी असतं. नाहीतर ६ टक्के मॉलीच्या ऑस्टेनिटिक प्लेटांचा दर मागा, त्या ३१६ आणि टायटॅनियमच्या मधल्या टप्प्यात बसतात. गरम टोकाच्याच बदलून चालेल का, ते उत्पादकाला विचारा.

टॉवर_केमिकल
३६० वर ५० अंशांना ३१६ टिकेल, माझं म्हणणं.

गंज_आणि_गणित
उघडी प्लेट टिकेल. गॅस्केटखालची, पैज लावणार नाही. आणि सुट्टीत बंद ठेवाल तेव्हा ओला ठेवू नका: टॉवरची बाजू रिकामी करा, गोड्या पाण्याने धुवा, हवा मारून सुकवा. स्थिर पाण्यात फटीला तयारीला सगळा वेळ मिळतो.