प्रायॉरिटी शून्य देऊनही यूएआरटी बाइट गाळतो: चिप डुप्लिकेट की समज?

भोसरीकर_फर्मवेअर
एसटीएम३२एफ१०३ चा बोर्ड, बुधवार पेठेतून आणलेला. यूएआरटीवर ११५२०० ला सेटपॉइंट येतो, टीआयएम२ च्या आयएसआरमध्ये मोटरचं गणित चालतं. अधूनमधून बाइट गळतात. यूएआरटीला प्रायॉरिटी ० दिली आहे, म्हणजे सगळ्यात वरची. वरचा इंटरप्ट आला की खालचा आयएसआर जागीच थांबतो, हा नियम ८०८५ पासून तोच आहे. माझा थांबत नाही, म्हणजे चिप डुप्लिकेट. पुण्यात ओरिजिनल कुठे मिळेल?

स्कोपवाली
बिचाऱ्या चिपला शिव्या देण्याआधी एक सांग, टीआयएम२ ला प्रायॉरिटी किती दिलीस? काहीच दिली नसशील, तर तीही शून्यच आहे. रिसेटनंतर सगळे इंटरप्ट शून्यावर असतात. म्हणजे तुझ्या बोर्डावर सगळेच राजे आहेत आणि तू त्यातल्या एकाला पुन्हा मुकुट घातलास. चालू आयएसआर मोडून आत शिरायला आकडा काटेकोरपणे लहान लागतो, बरोबरीचा चालत नाही. आणि दोघे एकाच वेळी खोळंबले असतील, तर बरोबरीत ज्याचा इंटरप्ट क्रमांक लहान त्याला आधी सोडतात. टीआयएम२ चा क्रमांक २८, यूएसएआरटी१ चा ३७. तिथेही तुझा यूएआरटी मागे.

आता हिशेब कर. ११५२०० ला एक बाइट म्हणजे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, साधारण ८७ मायक्रोसेकंद. टायमरचा आयएसआर किती चालतो ते तू लिहिलेलं नाहीस. एफ१०३ ला फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही, त्यामुळे आत sinf, sqrtf असतील तर २५० मायक्रोसेकंद सहज जातील. तेवढ्यात दोन-तीन बाइट येऊन पडतात. या यूएआरटीला फिफो नाही. पहिला बाइट डेटा रजिस्टरमध्ये बसून राहतो, त्याच्या मागून आलेले जातात, आणि `USART1->SR` मध्ये ORE बिट उभा राहतो. तो बघितलास का? एवढ्यावर विश्वास नसेल तर दोन्ही आयएसआरच्या सुरुवातीला एकेक पिन वर कर, शेवटी खाली कर आणि स्कोपवर लाव. यूएआरटीचा पल्स टायमरच्या पल्सच्या पोटात कधीच दिसत नसेल, तर कुणी कुणाला थांबवत नाहीये. ओरिजिनल चिपवरही हेच दिसेल.

```c
NVIC_SetPriorityGrouping(3);
NVIC_SetPriority(USART1_IRQn, 1);
NVIC_SetPriority(TIM2_IRQn, 2);
```

यूएआरटीला मुद्दाम १ दिला आहे, ० नाही. पुढेमागे `BASEPRI` ने त्याला थोडा वेळ गप्प बसवायची वेळ येईल, आणि शून्यावरच्या इंटरप्टला `BASEPRI` अडवू शकत नाही.

आणि ते "८०८५ पासून तोच नियम" तेवढं काढून टाक. ८०८५ मध्ये असं आपोआप काही होत नव्हतं.

रोहित_वाकड
एवढं कशाला? क्यूबमध्ये टायमरची सबप्रायॉरिटी २ करा, यूएआरटी ०. माझं असंच चालतं.

स्कोपवाली
रोहित, तुझं नशिबावर चालतंय. सबप्रायॉरिटी फक्त रांगेत पुढे कोण हे ठरवते. चालू आयएसआर तिच्या जोरावर मोडत नाही. `HAL_NVIC_SetPriority(TIM2_IRQn, 0, 2)` लिहून तू टायमरला शून्यावरच ठेवलंस. २ मधल्या जागी हवा.

पेठेतला_सोल्डर
प्रश्न ओरिजिनल चिप कुठे मिळेल असा आहे ना? पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत विचारा, पण रविवारी जाऊ नका. नावावर जाऊ नका, डीबगरने चिपचा आयडी वाचून बघा. मला एकदा पूर्ण ट्रे बदलून घ्यावा लागला होता.

एमआयडीसी_काका
बाई, "८०८५ मध्ये असं काही होत नव्हतं" हे जरा जपून. आम्ही ८०८५ च्या किटवर हाताने हेक्स टाकत शिकलो. ट्रॅप, ७.५, ६.५, ५.५, मग आयएनटीआर, हा क्रम झोपेतही सांगेन. ५.५ चालू असताना ७.५ आला की ७.५ आधी. व्हायवात हेच सांगितलं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली. तुमच्या पिढीला क्यूबमध्ये टिचक्या मारल्या की आर्किटेक्चर कळल्यासारखं वाटतं.

स्कोपवाली
काका, परीक्षकांनी मान डोलावली म्हणून प्रोसेसर ऐकत नाही. तो क्रम दोन-तीन मागण्या एकदम आल्या तर कुणाला आधी घ्यायचं, एवढ्यापुरता आहे. ५.५ स्वीकारला त्या क्षणी ८०८५ इंटरप्टचं फ्लिपफ्लॉप स्वतः बंद करतो. मग ७.५ येवो की ६.५, `EI` होईपर्यंत दारात उभा. ७.५ निदान कडेवर पकडून लॅच होतो म्हणून हरवत नाही. ५.५, ६.५ ची लाइन तोवर खाली गेली तर ती मागणीच गेली. मधे शिरू शकतो तो फक्त ट्रॅप. नेमकं हेच चुकीचं शिकवून पोरं बाहेर पाठवतात आणि मग मुलाखतीत आम्ही कपाळ बडवतो.

एमआयडीसी_काका
पाठ्यपुस्तक मला ऐकवू नका. चाकणच्या एका कारखान्यात पिशव्या भरायचं मशिन होतं, कंट्रोलर ८०८५. ७.५ वर एन्कोडर, ५.५ वर पिशवीचा सेन्सर. पिशवीचं काम चालू असताना एन्कोडर मोजला जायचा, रोज जायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त पिशवी सेन्सरपुढे अडकली की मशिन मरायचं. रॅम बघितली तर स्टॅक खालपर्यंत उतरलेला आणि त्यात तोच तो रिटर्न पत्ता पुन्हापुन्हा.

स्कोपवाली
काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. कुणीतरी ५.५ च्या आयएसआरच्या सुरुवातीलाच `EI` टाकलं होतं, म्हणून ७.५ आत येत होता. पण नुसत्या `EI` ने दार सगळ्यांना उघडतं, खुद्द ५.५ लाही. तो लेव्हलवर चालतो. पिशवी अडकली, लाइन वरच राहिली, की आयएसआर स्वतःलाच मोडून पुन्हा सुरू होतो. दर फेरीला रिटर्न पत्ता स्टॅकवर, म्हणून तुम्हाला तोच पत्ता ओळीने दिसला. ७.५ च्या आयएसआरमध्ये तसंच नुसतं `EI` टाकलं, तर खालचा ५.५ वरच्या ७.५ ला मोडतो. तिथे प्रायॉरिटी कामाची नाही, मास्क लागतो:

```
ISR55: PUSH PSW
       MVI  A,0BH   ; 6.5, 5.5 बंद, 7.5 चालू
       SIM
       EI
       ; काम
       DI
       MVI  A,08H   ; सगळे चालू
       SIM
       POP  PSW
       EI
       RET
```

शेवटचं `EI` लगेच लागू होत नाही, पुढची सूचना, म्हणजे `RET`, झाल्यावर होतं. त्यामुळे परत जाताना स्टॅक साचत नाही.

एमआयडीसी_काका
आणि आयएनटीआर? तो तुमच्या `SIM` ला भीक घालत नाही. या कोडमध्ये `EI` झाल्यावर सगळ्यात खालचा आयएनटीआर खुशाल ५.५ च्या आत शिरेल. आमच्या त्या मशिनला आयएनटीआरवर ८२५९ होता. ही ओळ व्हायवात मी विचारली असती.

स्कोपवाली
बरोबर. आयएनटीआर असेल तर तो ८२५९ च्या मास्क रजिस्टरमध्येच अडवावा लागतो. मूळ प्रश्नात आयएनटीआर नव्हता, पण घ्या, अर्धा मार्क.

एमआयडीसी_काका
अर्धा ठेवा तुमच्याकडेच. आणि शेवटी `08H` टाकून आधीचा मास्क पुसलात. मेन प्रोग्रामने ६.५ बंद ठेवला असेल तर तो उघडला ना? आधी `RIM` ने वाचून ठेवायला हवा होता. मुलाखती घेता म्हणे.

हिंजवडी_फेज३
काका-ताई भांडण रंगलंय, पण कुणी विचारणार का की एकात एक शिरायची हौस मुळात कशाला? लिनक्सने २०१० मध्येच हँडलर चालू असताना त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवायला सुरुवात केली. एकावर एक चढले की स्टॅक किती लागेल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. टायमरच्या आयएसआरमध्ये sinf हाच गुन्हा आहे. तिथे फक्त फ्लॅग लावा, गणित मेन लूपमध्ये. यूएआरटी डीएमएवर टाका. प्रायॉरिटीला हात लावायची वेळच येणार नाही.

स्कोपवाली
डीएमए मान्य. बाकी, सर्व्हरच्या गप्पा मोटरला सांगू नकोस. कंट्रोल लूपचं गणित मेन लूपमध्ये टाकलं की ते कधी होईल याचा भरवसा गेला. मेन लूपमध्ये डिस्प्ले छापत बसलं की मोटर हिसके देणार. इथे दोनच पातळ्या आहेत आणि एम३ प्रत्येक प्रवेशाला ३२ बाइट स्टॅकवर टाकतो. त्यावर आयएसआरची स्वतःची रजिस्टरं आणि लोकल व्हेरिएबल धर. एवढं कागदावर मोजता येतं.

हिंजवडी_फेज३
आज दोन पातळ्या. दिवाळीनंतर कॅन येईल, मग एडीसी, आणि प्रत्येक जण म्हणेल माझा सर्वात अर्जंट. असा सोळा पातळ्यांचा कोड मला सांभाळायला मिळाला होता, कोण कुणाला मोडतंय हे लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तुमचं तुम्ही बघा.

भोसरीकर_फर्मवेअर
ताई, टायमरला खरंच काही दिलं नव्हतं. आयएसआर मोजला, ३१० मायक्रोसेकंद. १ आणि २ करून बघितलं. ORE येणं बंद झालं, स्कोपवर यूएआरटीचा पल्स टायमरच्या आत दिसतो. पण आता नवीनच. सेटपॉइंट २५५ वरून २५६ करताना एखाद्या वेळी मोटर एकदम ५११ पकडते आणि पुढच्या फेरीला खाली येते. हे आधी कधीच होत नव्हतं.

स्कोपवाली
सेटपॉइंट `rx[0]` आणि `rx[1]` असे दोन वेगळे बाइट वाचतोयस ना? टायमरने खालचा बाइट वाचला, जुन्यातला FF. तेवढ्यात यूएआरटी आत शिरला आणि दोन्ही बदलून गेला. परत आल्यावर टायमरने वरचा वाचला, नव्यातला 01. 01FF म्हणजे ५११. आधी कुणी कुणाला मोडतच नव्हतं म्हणून हे झाकलेलं होतं. वाचताना तेवढाच यूएआरटी अडव:

```c
__set_BASEPRI(1 << 4);
sp = rx[0] | (rx[1] << 8);
__set_BASEPRI(0);
```

चार सरकवलंय कारण या चिपमध्ये प्रायॉरिटीचे वरचेच चार बिट खरे आहेत. नुसता १ लिहिलास तर तो शून्य वाचला जाईल आणि काहीच अडणार नाही. या दोन ओळींमध्ये sinf घुसवू नकोस, ८७ मायक्रोसेकंदांच्या पुढे गेलास की ORE पुन्हा हजर. आणि दोन बाइटांपैकी एकच आलेला असताना टायमर लागला तर काय, हे मास्कने सुटत नाही. यूएआरटीमध्ये पूर्ण फ्रेम जमल्यावरच `rx` बदल.

हिंजवडी_फेज३
झालं सुरू. डीएमए म्हणालो होतो.

स्कोपवाली
डीएमए तर `BASEPRI` लाही जुमानत नाही. अर्धवट फ्रेम तिथेही वाचली जाईल.

पेठेतला_सोल्डर
म्हणजे चिप ओरिजिनल आहे की नाही?

भोसरीकर_फर्मवेअर
आयडी अजून वाचला नाही. काका, ते ८०८५ चं किट तुमच्याकडे आहे का अजून?

एमआयडीसी_काका
आहे. पण ताईंना `RIM` घालून कोड नीट करायला सांगा, मग देतो.