'विश्वास कमवीन' की 'विश्वास बसेल'?

लातूरहून:
पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे. होणाऱ्या बायकोला आठ वर्षांची मुलगी आहे, तिचे वडील वारले. तिघांच्या फोटोखाली ओळ लिहिली: "आजपासून मी बाबा झालो. तुझा विश्वास हळूहळू कमवीन." दुसरं वाक्य खटकतंय. आणि 'सावत्र' शब्द घालावा का?

नांदेडहून:
'कमावणे' चूकच. पैसा कमावतात, विश्वास नाही. हे इंग्रजी वळण आहे.

अंबाजोगाईहून:
सरसकट चूक नाही. नाव कमावतात, तालमीत शरीर कमावतात. पण कमावलेली गोष्ट कमावणाऱ्याची होते. विश्वास मराठीत बसतो, आणि तो लेकराचा असतो. जीव लावणं आपल्या हातात, जीव लागणं त्याच्या. म्हणून लिहा: "मी जीव लावीन. तुला लागेल तेव्हा लागेल."
'सावत्र' हा 'सापत्न'चा भाऊबंद, मुळात सवतीच्या नात्याचा. तुमच्या घरात सवत कुठंय? शिवाय पाण्यावरून 'मराठवाड्याला सापत्न वागणूक' हे आपण पेपरात इतकं वाचलंय की शब्दाबरोबर अन्यायच आठवतो. मी तरी घालणार नाही.

छत्रपती संभाजीनगरहून:
दत्तक घेताय तर आधी कागदपत्रं करा, मग फोटो टाका.

अंबाजोगाईहून:
दत्तकाचं त्यांनी विचारलेलं नाही. पण तुमच्यामुळं एक आठवलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक सांगताना 'वडील' या शब्दात सावत्र वडील धरलेले नाहीत. म्हणजे 'बाबा झालो' हे लग्नानं कायद्यातही होत नाही. 'झालो' म्हटलं की काम संपलं. इथं तर ते सुरूही झालेलं नाही, आणि तिला आधीचे बाबा आठवत असणार.

परभणीहून:
मी दुसरेपणावर आले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. मला हाकच मारायचा नाही. "पाणी द्या", "डबा द्या", सगळं पाहुण्यांशी बोलावं तसं. मी कधी टोकलं नाही. दीडेक वर्षानं तापात पडला होता, रात्री म्हणाला, "पाणी दे." त्या 'द्या'चं 'दे' झालं, तेव्हा मला कळलं. हाक अजून 'मावशी'च आहे. आता तो कॉलेजात आहे.

लातूरहून:
ती मला "काका, तुम्ही" म्हणते. 'बाबा झालो' काढलं. आता ओळ अशी: "तुझ्या घरात आलोय. मी जीव लावीन. तुला लागेल तेव्हा लागेल." टाकण्याआधी तिला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "म्हणजे काकाच म्हणायचं ना?" हो म्हणालो.

नांदेडहून:
'कमावणे'बद्दल माघार घेतो. पण 'लागेल तेव्हा लागेल' मला तुटक वाटतं, जणू लागलं नाही तरी चालेल. 'दमानं लागू दे' कसं वाटतं?

अंबाजोगाईहून:
'दमानं' गोड आहे. पण 'लागू दे' म्हटलं की पुन्हा तिच्याकडं मागणं आलं. मला पहिलंच बरं वाटतं.

परभणीहून:
मला 'दमानं' हवं.